नव्या उच्चांकानंतर टार्गेट कुठे ठेवायचं? मागच्या चढावरून एक्स्टेन्शन पातळ्या काढण्याची पद्धत

भाव जुन्या उच्चांकाखाली असतो तोपर्यंत टार्गेट ठरवणं तसं सोपं असतं. चार्टच्या डाव्या बाजूला बघायचं, मागे कुठे विक्री आली होती ते शोधायचं आणि त्याच्या जरा अलीकडे विकायचं. पण भाव आजवरच्या सर्वोच्च पातळीच्या वर बंद झाला की डावीकडे बघण्यासारखं काहीच उरत नाही. जुना रेझिस्टन्स नाही, वरच्या भावाला अडकलेले खरेदीदार नाहीत, आधार घ्यावा अशी एकही रेषा नाही. अशा वेळी नवखा माणूस बहुतेकदा पहिल्या दोन हिरव्या कँडलवर घाईने विकून टाकतो, किंवा कुठे विकायचं हेच ठरवलेलं नसल्यामुळे सगळा नफा परत जाताना बघत बसतो.

या कोऱ्या जागेत मोजमाप आणण्यासाठी मागच्या स्विंगची लांबी वापरतात. आधीचा चढ जेवढा होता, त्याच्या ठरावीक पटीत पुढचा चढ कुठवर जाईल हे मोजायचं, एवढीच एक्स्टेन्शनमागची कल्पना आहे. या पातळ्या भाव तिथे जाईलच असं सांगत नाहीत. सौद्यात शिरण्याआधी कुठे किती विकायचं हे आकड्यांत लिहून ठेवता येतं, हा त्यांचा उपयोग. हा फरक सुरुवातीलाच नीट समजून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी त्यावर उभी आहे.

इथे मी एकच प्रकार घेतो आहे: तेजीतला शेअर, एक स्पष्ट चढ, त्यानंतरची घसरण किंवा विश्रांती, आणि मग नव्या उच्चांकाचं ब्रेकआउट. उदाहरणातले आकडे काल्पनिक आहेत, पण ते शेवटपर्यंत तेच ठेवणार आहे, म्हणजे वही घेऊन सोबत गणित करता येईल.

पहिली पायरी: अ, ब आणि क ठरवा

सगळं गणित तीन बिंदूंवर चालतं. चढ जिथून सुरू झाला तो नीचांक म्हणजे अ. चढ जिथे थांबला तो उच्चांक म्हणजे ब. त्यानंतर भाव खाली आला आणि ब ओलांडण्याआधी जिथवर सर्वांत खाली गेला तो क. आपल्या उदाहरणात अ ३२० वर आहे, ब ४४० वर आणि क ३८५ वर. अ ते ब हा चढ १२० अंकांचा. ब ते क ही घसरण ५५ अंकांची, म्हणजे चढाच्या साधारण ४६ टक्के. आता भाव ४४० च्या वर निघून ४४६ वर बंद झाला आहे.

ऐकायला हे सरळ वाटतं, पण निकालात सर्वांत जास्त फरक याच पायरीवर पडतो. गुणोत्तर १.२७२ घ्यायचं की १.४१४ यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. प्रत्यक्षात अ चुकीचा धरला तर टार्गेट वीस-तीस अंकांनी इकडेतिकडे होतं, आणि त्यापुढे गुणोत्तरातला फरक क्षुल्लक ठरतो. म्हणून तीनही बिंदूंसाठी नियम आधीच ठरवून ठेवा.

अ म्हणजे ज्या चढाने ब हा उच्चांक घडवला, त्या चढाची सुरुवात. ती ओळखायची तर ब पासून डावीकडे मागे या. ज्या नीचांकापासून निघून ब पर्यंत जाताना मध्ये चढाचा अर्ध्याहून मोठा भाग परत गेलेला नाही, तो अ. मध्ये तेवढी मोठी घसरण दिसली, तर चढ तिथून नव्याने सुरू झाला असं धरा आणि त्या घसरणीचा तळ घ्या. दोन वर्षांपूर्वीचा सगळ्यात खालचा भाव उचलून अ म्हणणं हा नेहमीचा घोटाळा आहे. त्याने टार्गेट भव्य दिसतं, पण आत्ताच्या ब्रेकआउटशी त्याचा संबंध नसतो.

ब म्हणजे ब्रेकआउटने ओलांडलेला उच्चांक. ४४० आणि ४३७ अशी दोन शिखरं असतील, तर उंच असेल ते घ्या. क म्हणजे ब नंतरचा सर्वांत खालचा भाव, ब्रेकआउटच्या तोंडावर दिसणारा छोटासा खळगा नव्हे. आपल्या उदाहरणात ब्रेकआउटच्या आठवडाभर आधी भाव ४२३ पर्यंत आला होता. तो खळगा स्टॉपलॉससाठी उपयोगी पडेल, पण क म्हणून तो चालणार नाही. आणि भाव अ च्या खाली जाऊन आला असेल तर ही तीन बिंदूंची रचनाच मोडली. तिच्यावरून काही मोजू नका.

कँडलची वात धरायची की बंद भाव? मी वातीची टोकं धरतो, कारण तिथे खरोखर व्यवहार झालेले असतात. बंद भावाने मोजलं तरी बिघडत नाही, फक्त अ वातीवरून आणि ब बंद भावावरून असं मिश्रण करू नका.

बिंदू ठरवण्याआधी आणखी एक गोष्ट तपासा: चार्टवरचे जुने भाव बोनस, स्प्लिट यांसाठी जुळवून घेतलेले आहेत ना? अ आणि ब यांच्या मध्ये स्प्लिट झालेलं असेल आणि डेटा जुळवलेला नसेल, तर चढाची लांबीच खोटी निघते. चार्टवर एका रात्रीत भाव अर्धा झालेला दिसला आणि बातमी काहीच नाही, तर हीच शंका आधी घ्या.

दुसरी पायरी: पातळ्या मोजा

तीन बिंदूंच्या पद्धतीचं सूत्र असं:

```
पातळी = क + गुणोत्तर × (ब − अ)
```

सर्वाधिक वापरली जाणारी गुणोत्तरं ०.६१८, १, १.२७२ आणि १.६१८. यांतलं १.६१८ हे सुवर्णगुणोत्तर, ०.६१८ हा त्याचा व्यस्त आणि १.२७२ हे त्याचं वर्गमूळ; ही तिन्ही फिबोनाची गुणोत्तरं म्हणून ओळखली जातात. १ चा फिबोनाचीशी काही संबंध नाही. दुसरा चढ पहिल्याएवढाच, एवढाच त्याचा अर्थ. तरीही माझ्या मते नवख्याने सर्वांत आधी बघावी अशी पातळी हीच आहे, कारण तिच्यामागचं गृहीतक सर्वांत साधं आहे.

आपले आकडे घालून बघू. चढ १२० अंकांचा, क ३८५. म्हणून ०.६१८ वर ४५९ येतो, १ वर ५०५, १.२७२ वर ५३७.६ आणि १.६१८ वर ५७९.

दुसरी पद्धत दोनच बिंदूंची आहे. तिच्यात क येतच नाही, अ पासूनच मोजायचं: ३२० + १.२७२ × १२० म्हणजे ४७२.६, आणि १.६१८ ने ५१४. म्हणजे "१.६१८ चं टार्गेट" असं कुणी म्हटलं, तर ते ५१४ असू शकतं किंवा ५७९ असू शकतं. मधे ६५ अंकांचं अंतर! दोघं एकाच चार्टबद्दल बोलतात आणि एकमेकांना चूक ठरवतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. वहीत पातळी लिहिताना "तीन बिंदू" की "दोन बिंदू" हे शेजारी लिहायची सवय लावून घ्या.

चार्टिंग सॉफ्टवेअरमध्येही ही दोन वेगळी साधनं असतात. TradingView वर तीन बिंदूंसाठी Trend-Based Fib Extension आहे. त्यावर अ, ब, क अशा क्रमाने तीन क्लिक करायचे. मेटाट्रेडरमध्ये हेच काम Fibonacci Expansion करतं. दोन बिंदूंसाठी TradingView वर Fib Retracement वापरतात, आणि इथे नवखे हमखास अडकतात. रिट्रेसमेंट, म्हणजे चढाचा किती भाग परत गेला ते, काढायच्या सवयीने नीचांकापासून उच्चांकाकडे ओढलं, तर १.६१८ ची रेषा उच्चांकाच्या वर न जाता नीचांकाच्या खाली जाऊन बसते. वरची टार्गेटं हवी असतील तर ब वर पहिला क्लिक आणि अ वर दुसरा, असं उलटं ओढायचं. बरोबर ओढलं की नाही हे ओळखायला ० ची रेषा अ वर आणि १ ची रेषा ब वर आली आहे ना, ते बघा.

दोन पद्धती जुळल्या म्हणजे पुरावा दुप्पट होत नाही

वेगवेगळ्या पद्धतींनी काढलेल्या पातळ्या एकाच जागी आल्या की ती जागा भक्कम, असं सर्रास सांगितलं जातं. यात थोडं तथ्य आहे आणि बराचसा भास आहे. तो भास कसा तयार होतो ते कळलं की या साधनाकडे बघण्याची दृष्टी बदलते, म्हणून इथे थोडं थांबू.

सगळ्या पातळ्या ब पासून किती वर आहेत ते मोजून बघा. दोन बिंदूंच्या पद्धतीत १.६१८ ची पातळी ब च्या वर चढाच्या ०.६१८ पट असते. तीन बिंदूंच्या पद्धतीत १ ची पातळी ब च्या वर किती? एकातून घसरणीचं प्रमाण वजा केलं की जे उरतं तेवढी. म्हणजे घसरण चढाच्या बरोबर ३८.२ टक्के असेल, तर तिथेही ०.६१८ पटच उरते, आणि दोन्ही पातळ्या एकाच रेषेवर येतात. बाजाराने तिथे काही खूण केलेली नसते. एकच मोजपट्टी आपण दोन ठिकाणांहून लावलेली असते. आपल्या उदाहरणात घसरण ४६ टक्के आहे, म्हणून ५०५ आणि ५१४ या पातळ्या नऊ अंकांवर आल्या. घसरण जसजशी ३८ टक्क्यांकडे सरकेल, तसतशा त्या आपोआप एकमेकींजवळ येणारच.

याच हिशेबातून आणखी एक कामाची गोष्ट निघते. घसरण चढाच्या ६१.८ टक्के झाली असेल, तर तीन बिंदूंची ०.६१८ ची पातळी थेट ब वरच येऊन पडते. म्हणजे ब्रेकआउटची किंमत हेच "पहिलं टार्गेट"! घसरण त्याहून खोल असेल तर ती पातळी ब च्या खाली जाते. अशा चार्टवर ०.६१८ ची रेषा पुसून टाका आणि १ पासून सुरुवात करा. उथळ घसरणीनंतरच्या ब्रेकआउटला मात्र तीच रेषा खरोखरचं पहिलं टार्गेट देते.

स्वतंत्र साक्ष हवी असेल तर ती वेगळ्या स्विंगमधून यायला हवी. दिवसाच्या चार्टवरच्या पातळ्या काढून झाल्या की आठवड्याच्या चार्टवर मोठा चढ शोधा आणि त्याची १ किंवा १.६१८ ची पातळी कुठे येते ते बघा. ती आपल्या ५०५ ते ५१४ च्या पट्ट्याजवळ आली तर मी त्या पट्ट्याला जास्त वजन देईन. ५०० सारखा पूर्ण आकडाही स्वतंत्र कारण आहे. तिथे विकण्याच्या ऑर्डरी साचतात, कारण माणसं पूर्ण आकड्यांत विचार करतात.

तिसरी पायरी: रेषा कमी करा, पट्टे ठरवा

नवख्यांच्या चार्टवर पंधरा-वीस रेषा असतात. मग भाव कुठेही वळला तरी तो कुठल्यातरी रेषेजवळच वळतो, आणि साधन अचूक असल्याचा भ्रम होतो. आपण काढलेल्या सहा आकड्यांत ब ते क या घसरणीवरून काढलेल्या पातळ्याही मिसळल्या, तर ४५५ ते ५७९ या भागात सहज अकरा रेषा होतात. म्हणजे सरासरी साडेबारा अंकांवर एक. त्यांतल्या एकीला भाव शिवला यात नवल काय!

म्हणून तीन पट्टे ठेवा आणि बाकीचं पुसा. आपल्या उदाहरणात मी ४७२ च्या आसपासचा पहिला, ५०० ते ५१४ हा दुसरा आणि ५३७ च्या आसपासचा तिसरा ठेवीन. ४५९ ची पातळी मी मुद्दाम सोडतो आहे, ते का हे पुढच्या पायरीत दिसेल. ५७९ ची रेषा चार्टवर राहू दे, पण तिच्यासाठी ऑर्डर लावायची नाही.

इथेच स्केलचा प्रश्न येतो. अ ते ब हा चढ वीस टक्क्यांच्या आत असेल, तर साधं स्केल आणि लॉग स्केल यांत फार अंतर पडत नाही. आपला चढ ३२० वरून ४४०, म्हणजे साडेसदतीस टक्के. साध्या स्केलवर "तेवढाच चढ" म्हणजे ३८५ मध्ये १२० मिळवून ५०५. टक्क्यांत तेवढाच चढ मोजला, तर ३८५ च्या साडेसदतीस टक्के वर, म्हणजे ५२९. भाव दुप्पट-तिप्पट होतो अशा आठवड्याच्या किंवा महिन्याच्या चार्टवर हा फरक प्रचंड होतो, आणि तिथे टक्क्यांची मोजणीच जास्त न्याय्य आहे, कारण गुंतवणूकदाराला परतावा टक्क्यांत मिळतो. चार्ट लॉग स्केलवर नेला तरी फिबोनाचीचं साधन आपोआप लॉगवर मोजेलच असं नाही. साधनाच्या सेटिंगमध्ये त्याचा पर्याय वेगळा असतो. खात्रीसाठी एक पातळी कॅल्क्युलेटरवर काढून रेषेशी ताडून बघा.

चौथी पायरी: आधी स्टॉपलॉस, मग टार्गेट

पातळ्या काढून झाल्या म्हणजे सौदा तयार झाला, असं समजू नका. टार्गेट घेण्यासारखं आहे की नाही हे स्टॉपलॉस किती दूर आहे त्यावर ठरतं.

खरेदी ४४६ ला. स्टॉपलॉस क च्या खाली, समजा ३८४ ला ठेवला, तर जोखीम ६२ अंकांची. मग ५०५ चं टार्गेट ५९ अंकांवर, म्हणजे पूर्ण जोखमीएवढाही नफा नाही. ब्रेकआउटआधीच्या ४२३ च्या खळग्याखाली, ४२० ला स्टॉपलॉस ठेवला, तर जोखीम २६ अंकांची. आता ४७२ चं टार्गेट जोखमीच्या एक पट, ५०० चं दोन पट आणि ५३७ चं साडेतीन पट होतं. पातळ्या त्याच, पण एक सौदा घेण्यासारखा आणि दुसरा सोडण्यासारखा. ४५९ ची पातळी सोडली ती याच कारणाने. १३ अंकांच्या नफ्यासाठी २६ अंकांची जोखीम घ्यायला लागते.

मात्र टार्गेट आकर्षक दिसावं म्हणून स्टॉपलॉस वर ओढू नका. ४२० ही जागा योग्य आहे, कारण ब्रेकआउट खरा असेल तर भावाने त्या खळग्याखाली परत जायला नको. ४३८ ला स्टॉपलॉस ठेवला तर गुणोत्तर देखणं होईल, पण रोजच्या साध्या हालचालीतच सौदा बाहेर फेकला जाईल. ती रोजची हालचाल मोजायला एटीआर बघा. समजा चौदा दिवसांचा एटीआर ८ आहे. मग २६ अंकांचा स्टॉपलॉस तीन एटीआरहून थोडा जास्त दूर आहे, म्हणजे श्वास घ्यायला जागा आहे. एटीआर अपेक्षाही ताळ्यावर आणतो. ५०५ हे ४४६ पासून ५९ अंकांवर, म्हणजे सात पूर्ण दिवसांच्या हालचालीएवढं. आणि भाव रोज एकाच दिशेने पूर्ण हालचाल करत नाही, म्हणून तिथे पोचायला काही आठवडे लागणं साहजिक आहे. चार दिवसांत पोचला नाही म्हणून कंटाळून विकायचं कारण नाही.

पाचवी पायरी: कुठे किती विकायचं

समजा ९० शेअर घेतले. एकूण जोखीम २६ गुणिले ९०, म्हणजे २,३४०. तीन सारखे भाग करू: ३० शेअर ४७१ ला, ३० शेअर ४९९ ला, आणि उरलेले ३० ट्रेलिंग स्टॉपवर, म्हणजे भाव वर जाईल तसा वर सरकवत नेलेल्या स्टॉपलॉसवर. ऑर्डर पातळीवर न लावता तिच्या जरा अलीकडे लावली आहे. ४७२.६ ला विकायला बसलेले बरेच असतात, आणि ५०० ला त्याहून जास्त. रांगेत त्यांच्या पुढे उभं राहण्यासाठी एक-दीड अंक सोडणं परवडतं.

आता भाव ४७६ पर्यंत गेला. पहिला भाग ४७१ ला विकला गेला, ७५० नफा हातात आला. इथे बहुतेक पुस्तकी सल्ला सांगतो की लगेच स्टॉपलॉस खरेदीच्या भावाला आणा. मला तो पटत नाही. ब्रेकआउटनंतर भाव जुन्या उच्चांकाला, इथे ४४० ला, परत शिवायला येणं अगदी सामान्य आहे. खरेदी ४४६ ला आहे, म्हणजे स्टॉपलॉस नेमका त्या वाटेवर ठेवल्यासारखं होतं. त्याऐवजी ४४० च्या खाली अर्धा एटीआर सोडून ४३६ ला आणा. उरलेले ६० शेअर तिथे कापले गेले तर १० अंकांप्रमाणे ६०० तोटा, पहिल्या भागाचे ७५० हातात. सौदा तरीही किंचित नफ्यातच सुटतो.

आपल्या उदाहरणात भाव ४४३ पर्यंत खाली येतो आणि तिथून फिरतो. स्टॉपलॉस ४४६ ला असता तर इथेच बाहेर पडलो असतो. पुढे तो ४७६ ओलांडतो, म्हणून स्टॉपलॉस ४४३ च्या खाली, ४४१ ला. मग ४९९ ला दुसरा भाग विकला जातो: १,५९० नफा. भाव ५०७ पर्यंत जाऊन ४८८ ला येतो, पुन्हा वर निघून ५०७ ओलांडतो, आता स्टॉपलॉस ४८६. पुढे ५३३, तिथून ५१५, पुन्हा ५३३ च्या वर, म्हणून स्टॉपलॉस ५१३. भाव ५३६ ला थांबतो, ५३७.६ च्या जरा अलीकडे, आणि घसरून ५१३ ला उरलेला भाग निघतो: २,०१० नफा. एकूण ४,३५०, म्हणजे जोखमीच्या १.८६ पट.

आता याच वाटेवर दुसरे पर्याय काय देतात ते बघा. सगळे ९० शेअर ४७१ ला विकले असते तर २,२५०, म्हणजे पूर्ण एक पटही नाही. सगळे ४९९ ला विकले असते तर ४,७७०. सगळे शेवटपर्यंत ट्रेलिंगवर धरले असते तर ६,०३०. म्हणजे भाव लांब गेला तेव्हा भाग पाडून विकणं महाग पडलं. आणि भाव ४७६ वरूनच फिरून ४३६ च्या खाली गेला असता, तर भाग पाडणाऱ्याला १५० मिळाले असते, आणि स्टॉपलॉस तसाच हलवून सगळे शेअर ४९९ साठी किंवा ट्रेलिंगवर धरणाऱ्याला ९०० चा तोटा झाला असता. भाग पाडल्याने मोठा नफा कापला जातो आणि छोट्या तोट्यांची संख्या कमी होते. यांतलं तुम्हाला काय हवं हे तुमच्या किती ब्रेकआउट अर्ध्या वाटेत फसतात त्यावर ठरेल, आणि तो आकडा तुमच्या स्वतःच्या नोंदींतूनच मिळेल.

ब्रेकआउट फसला हे कसं ओळखायचं

भाव ब च्या वर टिकला तरच एक्स्टेन्शनला अर्थ असतो. लागोपाठ दोन दिवस ४४० च्या खाली बंद झाला, तर ५०५ आणि ५३७ या रेषा चार्टवर असूनही त्यांचा आधार गेलेला असतो. ४४० च्या खाली डोकावून त्याच दिवशी वर बंद होणं वेगळं. तसं चालतं. ब्रेकआउटच्या दिवशी व्हॉल्यूम वाढलेला नसेल आणि नंतरच्या घसरणीत वाढत असेल, तर शंका आणखी घट्ट धरा. अशा वेळी ४२० ची वाट न बघता अर्धा सौदा कमी करणं मला योग्य वाटतं.

जुना उच्चांक खूप वर्षांपूर्वीचा असेल आणि मधली घसरण चढाच्या ऐंशी-नव्वद टक्के खाऊन गेली असेल, तर अ-ब-क ची मोजणी ताणलेली वाटते. तिथे ब ते क ही घसरणच मोजपट्टी म्हणून वापरतात: क मध्ये त्या घसरणीच्या १.२७२ किंवा १.६१८ पट मिळवायची, तीही टक्क्यांत मोजलेली बरी. त्या चार्टला स्वतंत्र लेख लागेल, म्हणून इथे एवढंच.

स्वतःचा हिशेब

एकदा अ, ब, क ठरले आणि खरेदी झाली, की ते बिंदू हलवायचे नाहीत. भाव ४९५ ला वळला तर "अ जरा वर घ्यायला हवा होता" असं म्हणून रेषा जुळवून घेण्याचा मोह होतो, आणि तिथून पुढे सगळ्या नोंदी निरुपयोगी होतात. खरेदीच्या दिवशीच चार्टचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. वहीत अ, ब, क, घसरणीचं प्रमाण, स्टॉपलॉस, तीन पट्टे, आणि नंतर भाव प्रत्यक्ष किती वर गेला, एवढे रकाने पुरतात.

पैसे लावण्याआधी जुन्या चार्टवर तीसेक ब्रेकआउट तपासा. उजवी बाजू झाकून, रिप्ले वापरून, एकेक कँडल पुढे सरकवत. आणि शेजारी एक साधी तुलना चालवा: फिबोनाचीशी संबंध नसलेली टार्गेटं, जसं खरेदीपासून तीन, सहा आणि नऊ एटीआर वर. आपल्या उदाहरणात ती ४७०, ४९४ आणि ५१८ येतात, म्हणजे पट्ट्यांपासून फार लांब नाहीत. तीस चार्टनंतर दोन्ही पद्धतींनी जोखमीच्या सरासरी किती पट मिळाले ते शेजारी-शेजारी लिहा. एक्स्टेन्शनचा आकडा स्पष्टपणे पुढे असेल तर ते वापरत राहा. दोन्ही सारखेच निघाले तर एटीआर वापरा. त्यात अ कुठला हा वाद येत नाही आणि हिशेब अर्ध्या मिनिटात होतो.